मुलाने शिवीचा अर्थ विचारला तर



आमच्या खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड ही दोन गावे एका ओढ्याच्या दोन बाजूंना आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतील स्त्रिया वाजतगाजत ओढ्यावर येतात, काठांवर समोरासमोर उभ्या राहतात आणि हातवारे करीत एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. यालाच 'बोरीचा बार' म्हणतात. त्यामागे दोन सवतींच्या भांडणाची आख्यायिका सांगितली जाते. ही त्या गावांची प्रथा आहे आणि तिचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. पूर्वी बार पाहायचा तर ओढ्यावर जावे लागे. आता तो मोबाईलवर घरात येतो, आणि घरात सहा वर्षांचे मूल असते.

गेल्या श्रावणात असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ थांबले. त्यांच्या मुलाने शेजारी बाराचा व्हिडिओ पाहिला होता. रात्री दस्तरखानावर सर्वांसमोर त्याने विचारले, "अब्बू, त्या बायका हे काय म्हणत होत्या?" आणि तो शब्द जसाच्या तसा उच्चारला. दादी "तौबा, तौबा" म्हणाल्या, चाचांना हसू आवरेना, अम्मीने हात उगारला आणि अब्बू म्हणाले, "गप जेव." दुसऱ्या दिवशी मुलाने तो शब्द चार वेळा उच्चारला. तो येथे छापण्याची गरज नाही. आईवरून दिली जाणारी शिवी होती, एवढे सांगणे पुरेसे आहे.

या प्रसंगी मुलाला नेमके काय मिळाले, याचा विचार करावा. सहा वर्षांच्या मुलाला अशा शब्दाचा अर्थ बहुधा ठाऊक नसतो. मात्र शब्दाचे वजन तो ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून अचूक जोखतो. एका शब्दाने दादी दचकते, चाचा हसतात आणि अम्मी उठून उभी राहते, असा शब्द त्याला आजवर सापडलेला नव्हता. म्हणून त्याने तो पुन्हा वापरून पाहिला. त्यात बिघडलेपण नव्हते, कुतूहल होते. हसणे आणि दचकणे या दोन गोष्टी आपल्याला परस्परविरुद्ध वाटतात. मुलाच्या लेखी दोन्ही एकच आहेत. आणि त्याच्या मूळ प्रश्नाला तर कोणीच उत्तर दिले नाही.

काही पालक दुसरी वाट धरतात. "ते एका प्राण्याचे नाव आहे" किंवा "त्याला काही अर्थच नाही" असे सांगून वेळ मारून नेतात. येथे अबू दाऊद यांनी नोंदलेली एक घटना लक्षात घ्यावी. अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना त्यांच्या आईने त्यांना हाक मारली, ये, तुला काही देते, म्हणून. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) तेव्हा त्यांच्या घरी होते. त्यांनी आईला विचारले की, तू त्याला काय देणार होतीस? खजूर, असे तिने सांगितले. काहीच दिले नसतेस तर तुझ्या नावे एक खोटे लिहिले गेले असते, असे प्रेषितांनी (स.) तिला बजावले. लहान मुलाला बोलावण्यासाठी सहज म्हटलेल्या वाक्याचाही असा हिशेब आहे. त्याखेरीज व्यवहारातली गोष्ट अशी की, प्राण्याचे नाव म्हणून शिकलेला शब्द मूल शाळेत निर्धास्तपणे वापरते, आणि तिथे खरा अर्थ कळला की पुढचा प्रश्न ते तुम्हाला विचारत नाही.

मग सगळे उघड करून सांगावे का? तसेही नाही. याची रीत पवित्र कुरआनच्या भाषेतच आहे. शौचाला जाण्याच्या संदर्भात कुरआन 'गाइत' हा शब्द योजतो. त्याचा मूळ अर्थ सखल जमीन, खोलगट जागा. माणसे आडोशासाठी तिकडे जात. आपल्याकडचे 'परसाकडे जाणे' अगदी याच घडणीचे आहे. शब्द दिशा दाखवतो, चित्र काढत नाही. अरबी अलंकारशास्त्रात याला 'किनाया' म्हणतात. किनाया म्हणजे खोटे नव्हे; ऐकणाऱ्याला खरी गोष्ट कळते, ती फक्त झाकलेली असते. मुलाला द्यायचे उत्तर याच जातीचे असावे.

आता प्रत्यक्ष उत्तराकडे येऊ. शब्द ऐकताच आधी स्वतःचा चेहरा सांभाळावा. मूल "पाऊस का पडतो" असे विचारते तेव्हा आपला असतो तसाच चेहरा हवा. पाहुणे बसले असतील तर "जेवण झाल्यावर सांगतो" म्हणावे आणि त्याच दिवशी खरोखर सांगावे. नंतर त्याने तो शब्द कुठे ऐकला, आणि त्याचा अर्थ काय असेल असे त्याला वाटते, हे विचारावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात. मकतबात 'हलाल' आणि 'हराम' शिकणारी एक मुलगी वडापच्या ड्रायव्हरच्या तोंडून 'हरामखोर' ऐकून आली. तिला वाटले, त्या माणसाने मना केलेले अन्न खाल्ले असावे. शब्दाच्या घडणीनुसार तिचे चुकलेले नव्हते, 'हरामाचे खाणारा' हाच त्याचा अर्थ. तिला एवढेच सांगायचे उरले होते की, न पाहता, न विचारता कोणालाही तसे म्हणणे म्हणजे त्याला चोर ठरवणे. आईबापांनी आधी विचारले नसते तर भलतेच काही समजावत बसले असते.

त्या गृहस्थांना मी सुचवलेले संभाषण साधारण असे होते.

"कुठे ऐकलास, बेटा?"

"मोबाईलवर. त्या बायका म्हणत होत्या."

"तुला काय वाटतं, त्याचा अर्थ काय असेल?"

"अम्मीचं काहीतरी आहे."

"बरोबर. तो शब्द कुणाच्या तरी अम्मीबद्दल घाण बोलतो. राग आला की समोरच्याला टोचावं म्हणून माणसं तो वापरतात. आपण वापरत नाही."

येथे थांबावे. बहुतेक मुलांना एवढे पुरते आणि ती खेळायला निघून जातात. मुलाने पुढे "घाण म्हणजे काय?" असे विचारले, तर आणखी एकच वाक्य: "अंगाचे जे भाग आपण कपड्याने झाकतो, त्यांच्याबद्दल वाईट बोलणं." यात खोटे काही नाही आणि मुलाच्या डोळ्यांसमोर चित्रही उभे राहत नाही. विचारले तेवढेच सांगावे. संधी आली म्हणून अर्धा तास उपदेश केला तर त्या शब्दाचे महत्त्व उलट वाढते.

"त्या बायका वाईट आहेत का?" हा प्रश्नही येईलच. त्याच्या वर्गात बोरी-सुखेडकडची मुले असू शकतात. "नाही. वर्षातून एक दिवस तशी त्यांच्या गावाची रीत आहे. आपल्या घराची रीत वेगळी आहे," असे सांगावे. शब्द वाईट म्हणजे बोलणारा माणूस वाईट, हा धडा मुलाला देऊ नये. उद्या शब्द त्याच्याच तोंडून निसटला तर तो स्वतःला वाईट समजेल.

का वापरायचा नाही, हे सांगण्यासाठी बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांतील एक हदीस सहा वर्षांच्या बुद्धीलाही पेलणारी आहे. स्वतःच्या आईबापांना शिवी देणे हे मोठ्या पापांपैकी आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. सहाबांना नवल वाटले. स्वतःच्या आईबापांना कोण शिवी देईल? तेव्हा त्यांनी उलगडा केला की, माणूस दुसऱ्याच्या बापाला शिवी देतो, मग तो याच्या बापाला देतो. हा त्याच्या आईला देतो, मग तो याच्या आईला देतो. मुलाला हे प्रश्नाच्या रूपात द्यावे: "तू त्याच्या अम्मीला बोललास, तर तो कुणाच्या अम्मीला बोलेल?" उत्तर ते स्वतः देईल, आणि स्वतः दिलेले उत्तर लक्षात राहते.

भीती मात्र घालू नये. जीभ जळेल, जहन्नममध्ये जाशील, असे बोलणे किंवा तोंडात मिरची घालणे याला दीनचा आधार नाही. मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरून लेखणी उचललेली असते, असे हदीसमध्ये आहे. नमाजची आज्ञासुद्धा सातव्या वर्षापासून द्यायची आहे. काही घरांत दंडाची बरणी ठेवतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातील सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव करून शिवीला 500 रुपये दंड लावला, तो भांडणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. सहा वर्षांच्या मुलाला दंड लावला की शिवीला किंमत येते, आणि किंमत असलेली वस्तू मुलाला हवीशी वाटते.

खरी अडचण येते ती आपल्याच तोंडातल्या शब्दांची. वीज गेली की 'च्यायला' म्हणणारे घर मुलाला काय समजावणार? हा शब्द म्हणजे 'त्याच्या आईला' याचे झिजलेले रूप. पुढचा भाग तोडलेला, पण दिशा तीच. मुलाने विचारले तर सांगावे, "हे अर्धं वाक्य आहे, पुढचं वाईट म्हणून बोलत नाहीत. मला सवय लागली आहे, मी सोडतोय." मुलाला खोडून टाकलेल्या शब्दाच्या जागी दुसरा शब्दही हवा असतो, कारण राग त्यालाही येतो. प्रेषितांच्या (स.) सेवेत राहिलेले अनस (रजि.) सांगतात की, ते शिवी देणारे नव्हते, कोणावर नाराज झाले तर त्याच्या कपाळाला माती लागो, एवढेच म्हणत. म्हणजे रागाला वाट होती, इजा नव्हती. घरात असा एखादा निरुपद्रवी शब्द ठरवून घ्यावा, थोडा हसू आणणारा असला तरी चालेल.

एवढे करूनही मूल शब्द पुन्हा उच्चारेल. तेव्हा ते कुठे पाहत आहे, हे पाहावे. तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असेल तर ते चेहराच मागत आहे. "आपण ठरवलं आहे ना" म्हणून हातातले काम चालू ठेवावे. रागात म्हणत असेल तर शब्दाआधी रागाचे कारण विचारावे. मात्र मुलाला त्या शब्दातल्या कृतीचे वयाबाहेरचे तपशील माहीत असतील, किंवा कोणीतरी एकांतात काही दाखवले, स्पर्श केला असे बोलण्यातून येत असेल, तर तो शिवीचा प्रश्न राहत नाही. तेव्हा न रागावता, न दरडावता ऐकून घ्यावे, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत, आणि 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर मदत घ्यावी.

एकत्र कुटुंबात हे सर्व एकट्या अब्बूने करून भागत नाही. अब्बूंनी शांतपणे सांगावे आणि चाचांनी पाहुण्यांसमोर "म्हण रे एकदा" म्हणून मुलाला शब्द म्हणायला लावावा, असे घडले तर चाचांचाच धडा टिकतो. म्हणून मूल झोपल्यावर दादी, चाचा आणि मोठी भावंडे यांना तेच एक वाक्य सांगून ठेवावे: कुणाच्या तरी अम्मीबद्दल घाण बोलणारा शब्द आहे, आपण वापरत नाही. दादींना "तौबा" म्हणायचेच असेल तर त्यांनी ते मनात म्हणावे.