रिकार्डोचे हजार पौंड

डेव्हिड रिकार्डो सरकारी कर्जाच्या व्यवहारात श्रीमंत झाला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी ब्रिटिश सरकारने जी कर्जे उभारली, त्यांतली काही उभारून देण्याचे कंत्राट त्याच्याकडे होते. वॉटर्लूच्या लढाईआधीच्या कर्जात तर त्याला मोठा नफा झाला. त्यामुळे 1820 मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’च्या पुरवणीसाठी सरकारी कर्जावर लिहायला तो बसला, तेव्हा विषय त्याच्या अनुभवातला होता. त्या लेखात त्याने एक साधा हिशेब मांडला. युद्धाला वर्षाला 2 कोटी पौंड लागतात. सरकार ते यंदाच कर लावून गोळा करू शकते, किंवा 5 टक्के व्याजाने कर्ज काढून दरवर्षी 10 लाख पौंड व्याजापुरताच कर कायमचा लावू शकते. ज्याच्या वाट्याला आज 1000 पौंड कर आला असता, त्याला दुसऱ्या मार्गात वर्षाला 50 पौंड द्यावे लागतील. ओझे दोन्हींत सारखेच, कारण 1000 पौंड 5 टक्क्यांनी गुंतवले की ते 50 पौंड निघतात.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष आजच्या सरकारांना अडचणीचा आहे. मंदीत सरकार कर कमी करते आणि खड्डा कर्जाने भरते, तेव्हा लोकांच्या हातात पैसा खेळेल, ते खरेदी करतील आणि बाजार हलेल अशी अपेक्षा असते. पण कर्ज फेडायला उद्या कर लागणार हे लोकांनी ओळखले, तर ते मिळालेला पैसा बाजूला ठेवतील. समजा, सरकारने एका कुटुंबाला 20,000 रुपयांची करसवलत दिली आणि ती रक्कम 7 टक्क्यांनी 10 वर्षांसाठी कर्जाऊ घेतली. मधे व्याज न देता सगळे शेवटी एकदम फेडायचे ठरले, तर 10 वर्षांनी या कुटुंबाच्या वाट्याला सुमारे 39,300 रुपयांचा जादा कर येईल. तोवर 20,000 रुपये त्याच दराने ठेवीत ठेवले, तर तेवढीच रक्कम तयार होईल. म्हणजे सवलतीतला पै न् पै वाचवणे हेच कुटुंबाच्या हिताचे ठरते. सरकारची बचत 20,000 ने घटली, कुटुंबाची तेवढीच वाढली, आणि देशातली मागणी जिथल्या तिथे राहिली.

पण 10 वर्षांनी हा करदाता हयातच नसेल, किंवा निवृत्त झालेला असेल, तर तो कशाला बचत करील? या शंकेला 1974 मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी उत्तर दिले. ज्या आईबापांना मुलांसाठी काही मागे ठेवायचे असते, ते मुलांवर येणारा कर आपलाच मानतात आणि वारसा तेवढा वाढवतात. त्यामुळे कुटुंबाचा हिशेब एका आयुष्यात संपत नाही. पुढे या विचाराला रिकार्डोचे नाव चिकटले. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की खुद्द रिकार्डोचा त्यावर विश्वास नव्हता. 20,000 पौंडांच्या धन्याला तुम्ही कितीही समजवा, वर्षाचे 50 पौंड आणि एकरकमी 1000 पौंड हे सारखेच जड आहेत हे त्याला पटणार नाही, असे त्याने त्याच लेखात लिहिले. माणूस यंदाच्या 50 पौंडांपुरतीच काटकसर करतो आणि उरलेल्या 950 चे ओझे विसरून स्वतःला आहे त्यापेक्षा श्रीमंत समजतो, ही त्याची भीती होती. कर्ज लोकांना उधळे करते, म्हणून युद्धाचा खर्च युद्धकाळातच करातून भागवावा, असे त्याचे मत होते.

प्रत्यक्षात माणसे कशी वागतात, हे तपासण्याची एक विलक्षण स्वच्छ संधी 1992 मध्ये अमेरिकेत मिळाली. मंदीतून अर्थव्यवस्था सावरत नव्हती आणि राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांना काँग्रेसच्या मंजुरीवाचून काही करायचे होते. त्यांनी कर कमी केला नाही. पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या कराची, म्हणजे आपल्याकडच्या टीडीएसची, कोष्टके तेवढी बदलली. सर्वसाधारण नोकरदाराच्या हातात महिन्याला 28.80 डॉलर जास्त पडू लागले. वर्षाचा एकूण कर होता तेवढाच राहिला, त्यामुळे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरल्यावर मिळणारा परतावा तेवढाच कमी होणार होता. रिकार्डोच्या उदाहरणातली सगळी धूसरता इथे नाहीशी झाली होती. फेड कोण करणार? तोच माणूस. किती? जेवढे मिळाले तेवढेच. कधी? पुढच्या वर्षी. मुले, वारसा, भविष्यातले सरकार यांचा प्रश्नच नव्हता.

मिशिगन विद्यापीठाच्या मॅथ्यू शपिरो आणि जोएल स्लेमरॉड यांनी लोकांनाच विचारले की या जादा पैशाचे तुम्ही काय करणार. ज्यांना तो मिळाला होता, त्यांतल्या 43 टक्के लोकांनी बहुतांश खर्च करू असे सांगितले. या आकड्याचा अर्थ जपून लावायला हवा. त्यावरून 43 टक्के पैसा खर्च झाला असे म्हणता येत नाही, तेवढ्या माणसांनी तसे सांगितले इतकेच कळते. तरीही त्यातून दोन गोष्टी दिसतात. सिद्धान्त शब्दशः खरा असता, तर हा आकडा शून्याजवळ हवा होता, आणि तसा तो नव्हता. दुसरीकडे, हाती आलेला प्रत्येक डॉलर दुकानात जातो असे मानणाऱ्यांचाही हिशेब चुकला, कारण निम्म्याहून अधिक लोकांनी पैसा बाजूला ठेवण्याचे किंवा देणी फेडण्याचे ठरवले होते. देणे फेडणे हीही बचतच असते. क्रेडिट कार्डाची थकबाकी चुकती करणाऱ्याने बाजारात नवी मागणी आणलेली नसते.

मग उरलेल्यांनी खर्च का केला? ते अडाणी होते, असे म्हणून मोकळे होता येत नाही. 20,000 रुपयांच्या हिशेबात आपण एक गोष्ट गृहीत धरली होती, की सरकार ज्या व्याजाने कर्ज घेते त्याच व्याजाने कुटुंबही पैसे ठेवू आणि उचलू शकते. ज्याच्या घरी महिनाअखेरीला डबे रिकामे होतात, त्याला 7 टक्क्यांनी कोणी कर्ज देत नाही. त्याला सावकाराकडे किंवा वैयक्तिक कर्जाच्या दारात कितीतरी जास्त व्याज मोजावे लागते, नाहीतर गरज मारावी लागते. अशा माणसाच्या दृष्टीने करसवलत म्हणजे सरकारने स्वतःची पत वापरून त्याच्यासाठी काढलेले स्वस्त कर्ज. उद्याचा कर त्याला स्पष्ट दिसत असला, तरी आज मुलीची फी भरणे किंवा गळके छप्पर नीट करणे हाच त्याचा शहाणपणा असतो. याचा पुरावा 2001 मध्ये मिळाला. त्या वर्षी अमेरिकेने करपरताव्याचे धनादेश वाटले. ते कोणाला कोणत्या आठवड्यात जाणार, हे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या शेवटच्या दोन अंकांवर, म्हणजे जवळजवळ चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरले होते. त्यामुळे आधी धनादेश मिळालेल्या आणि अजून न मिळालेल्या घरांचा खर्च शेजारी ठेवून पाहता आला. हाताशी रोकड कमी असलेल्या घरांचा खर्च जास्त वाढला होता.

बचत वाढली की तिचे कारण उद्याच्या कराचा धसका हेच, असेही समजून चालत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये अमेरिकी कुटुंबांनी खर्चण्याजोग्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा वाचवला. त्याच सुमारास सरकारची तूट प्रचंड वाढत होती, म्हणून रिकार्डो खरा ठरला असे वाटू शकते. पण दुकाने, उपाहारगृहे आणि विमाने बंद होती, आणि नोकरी टिकेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हते. तुटीचा आणि बचतीचा आलेख एकाच वेळी चढला, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. एरवी सारख्याच परिस्थितीतल्या दोन माणसांपैकी एकाला पैसा मिळाला आणि दुसऱ्याला नाही, अशी तुलना सापडली तरच बोलता येते.

या चर्चेत एक गल्लत वारंवार होते. ‘लोक बचत करतील, म्हणून सरकारने मंदीत खर्च करण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. रिकार्डोचा हिशेब करसवलतीबद्दल आहे, सरकारी खरेदीबद्दल नाही. सरकारने कर्ज काढून यंदा 100 रुपयांचा पूल बांधला, तर ते 100 रुपये सिमेंट, लोखंड आणि मजुरीवर खर्च होऊन बसतात. करदाता पूर्ण दूरदृष्टीचा असला, तरी त्या 100 रुपयांचे ओझे तो आयुष्यभरावर पसरतो आणि यंदा आपला खर्च पाचसात रुपयांनीच आखडतो. करसवलतीत मात्र 100 रुपये आधी त्याच्याच हातात जातात आणि तिथेच थांबू शकतात.

आपल्याकडे ही भीती सरकारने एकदा उघड बोलून दाखवली. 12 ऑक्टोबर 2020 रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांना 10,000 रुपयांची बिनव्याजी सण-उचल जाहीर केली. ती रोख न देता रुपे कार्डावर, 31 मार्चपर्यंत खर्च करण्याच्या अटीवर दिली आणि 10 हप्त्यांत वसूल करायचे ठरवले. जोडीला प्रवास सवलतीऐवजी व्हाउचर होते. त्यासाठी भाड्याच्या तिप्पट रकमेची, 12 टक्के किंवा त्याहून अधिक जीएसटी असलेली खरेदी डिजिटल मार्गाने करायची होती. लोक पैसे ठेवून देतील, म्हणून पैशालाच मुदत आणि दिशा लावली. पण पैशावर नाव लिहिलेले नसते. दिवाळीची जी खरेदी पगारातून झालीच असती, ती कार्डावर करायची आणि पगार बँकेत राहू द्यायचा, हा मार्ग कोणालाही मोकळा होता. शिवाय हा वर्ग टाळेबंदीतही दरमहा पगार मिळणारा होता. ज्याची मिळकत बुडाली, त्या फेरीवाल्याच्या किंवा बांधकाम मजुराच्या हातात तेच 10,000 रुपये कुठल्याही अटीविना खर्च झाले असते.

मला या सगळ्यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. सरसकट करसवलतीचे उत्तेजन लोकांना उद्याचे बिल जितके कमी दिसेल, तितके जास्त चालते. रिकार्डोला ज्या आंधळेपणाची भीती होती, त्याच आंधळेपणावर आजचा अर्थसंकल्प भरवसा ठेवतो. लोकशाहीत हे पटण्यासारखे नाही. आपल्याकडे तर आयकराची सवलत थोड्यांना मिळते आणि त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज साबणापासून चपलेपर्यंत रोजच्या कितीतरी खरेदींवर जीएसटी भरणारा प्रत्येक जण फेडतो. त्याला हे सांगणे हे अर्थमंत्र्यांचे कर्तव्य आहे, आणि सांगितले म्हणून बिघडेल असे धोरण मुळातच कच्चे आहे.

सगळ्यांना सगळे दिसत असतानाही चालणारे उत्तेजन अशक्य नाही. ज्याच्याकडे रोकड नाही आणि ज्याला कर्ज मिळत नाही, त्याच्या हातात दिलेला पैसा तो डोळे उघडे ठेवून खर्च करतो. आणि खरोखर लागणारा पूल किंवा धरणाचा कालवा मंदीत बांधला, तर करदात्याने आपला वाटा मोजून काटकसर केली तरी काम आणि मजुरी बाजारात आलेली असते. रिकार्डोच्या त्या हजार पौंडांच्या माणसाला सत्य पटवून देऊनही जे टिकेल, तेच उत्तेजन कर्ज काढण्याच्या लायकीचे आहे.