उत्तर कोणी द्यायचं?

नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला जन्मलेले महादेव गोविंद रानडे 1873 साली दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले, तेव्हा ते एकतीस वर्षांचे होते आणि रमाबाई अकराच्या. रानड्यांनी विधवेशी लग्न करावं अशी सुधारकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या शब्दापुढे ते नमले. पुढे रमाबाई शिकू लागल्या आणि घरातल्या मोठ्या बायकांनी त्यांना टोमण्यांनी घायाळ केलं. 1910 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्यांनी हे सविस्तर लिहिलं आहे. उलट बोलायचं नाही, सोसायचं, ही त्या घरातली वाट होती. रमाबाईंच्या धीराबद्दल आपण भरभरून बोलतो. मला मात्र प्रश्न पडतो की त्या बायका ज्यांच्या नात्यातल्या होत्या, त्यांनी बोलायला नको होतं का?

हा प्रश्न आजही तसाच आहे. गंगापूर रोडवरच्या एका वास्तुशांतीला पंगत बसत होती. सून मुलापेक्षा चार वर्षांनी मोठी. मुलाची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "जोडा काही शोभत नाही बाई. ही थोराडच दिसते." दोघीतिघी हसल्या. सून हातातल्या वाटीकडे बघत राहिली. मुलगा आत्याजवळ जाऊन नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "आत्या, ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आहे, ते मला माहीतच होतं. पण तिच्या दिसण्यावर बोललेलं मला आवडलं नाही. चल, तुझं पान मांडलंय." आत्या म्हणाली, "अरे, थट्टा केली." तो म्हणाला, "असेल. पण मला लागली." आणि तो वाढायला वळला.

या उत्तरात तीन गोष्टी बरोबर झाल्या. पहिली, ज्याची आत्या तोच बोलला. हेच वाक्य सुनेनं उच्चारलं असतं तर चार दिवस तिच्या उर्मटपणाचीच चर्चा झाली असती आणि आत्याचं बोलणं बाजूला राहिलं असतं. भाच्याला तो धोका नसतो, कारण आत्याच्या अंगाखांद्यावर तो वाढलेला असतो. म्हणून समारंभाला निघण्याआधीच नवराबायकोनं ठरवून घ्यावं: तुझ्याकडच्यांना तू, माझ्याकडच्यांना मी.

दुसरी गोष्ट, त्यानं वय आणि रूप एका मापानं मोजलं नाही. वयातलं अंतर खरं असतं, ते सरळ मान्य केलं की चिमटा काढायला काही उरत नाही. इथे अनेक जण सचिन-अंजलीचा दाखला देतात. तो देऊ नये, "तू काय सचिन आहेस?" हा प्रश्न लगेच येतो आणि वाद रंगतो. रूप हे मत असतं, त्यावर वाद घालायचाच नसतो. "पण मनानं फार चांगली आहे" हे सर्वांत वाईट उत्तर, कारण त्यात आत्याचं म्हणणं कबूल होतं आणि तेही बायकोच्या समोर. पगाराचं तिसरंच. "सुनेचा पगार जास्त, म्हणजे घरात तिचंच चालत असेल" असं कोणी म्हणालं, तर "घर आम्ही दोघं मिळून चालवतो, काका" एवढंच बोलावं. आकडा सांगू नये. एकदा सांगितलेला आकडा पुढच्या लग्नापर्यंत सगळ्या भावकीत पोचलेला असतो.

तिसरी गोष्ट, तो थांबला. दोन वाक्यांनंतर येणारं प्रत्येक वाक्य खुलासा होतं आणि खुलासा आरोपीनं द्यायचा असतो. पान मांडलंय म्हटल्यामुळे आत्याला उठून जेवायला बसण्याची वाट मिळाली. माफी तिथेच मागून घ्यायचा हट्ट धरला असता, तर तिला सगळ्यांसमोर माघार घ्यावी लागली असती, आणि त्या वयात ती सहसा कोणी घेत नाही. उत्तर पोचलं की नाही हे त्या दिवशी कळत नाही. पुढच्या सणाला तोच विषय निघतो का, यावरून कळतं.

निघालाच, तर शांतपणा पुरेसा नसतो. मग आत्याच्या घरी एकट्यानं जाऊन, चहा घेताना, स्पष्ट सांगावं: "पुन्हा असं झालं तर आम्ही दोघं जेवणाआधी निघू." आणि झालंच तर खरोखर निघावं, आवाज न चढवता. विसरभोळेपणा जडलेल्या म्हाताऱ्या माणसाला मात्र यातलं काही लागू नाही. तिथे बायकोला हळूच बाजूला न्यावं आणि नंतर तिच्याशी बोलावं.

वडीलधाऱ्यांचा मान राखणं आपल्याला लहानपणापासून शिकवलं जातं आणि ते योग्यच आहे. पण आजवर त्या मानाची किंमत बहुतेक वेळा बाहेरून आलेल्या माणसानं गप्प राहून मोजली. मान आपल्या माणसांचा असेल, तर तो राखत बोलण्याचं कामही आपलंच आहे.