लाल बाजूच्या पाठीमागे

चि. ईशा,

तीन पत्त्यांच्या कोड्याचं ‘निम्मी शक्यता’ हे तुझं उत्तर बाईंनी चूक दिलं, म्हणून तू रागावली आहेस. उत्तर चूकच आहे. पण ते कधी बरोबर ठरेल, हेही तुला सांगायचंय.

एक पत्ता दोन्हीकडून लाल, एक दोन्हीकडून पांढरा, तिसरा एकीकडून लाल नि दुसरीकडून पांढरा. पिशवीतून न बघता एक काढून टेबलावर टाकला, वर लाल आलं. तर खालीही लाल असण्याची शक्यता किती? तू म्हणतेस, पांढरा बाद, उरले दोन, म्हणून निम्मी. बाद केलंस ते ठीक. पण उरलेल्या दोघांना सारखं मानलंस, तिथे घसरलीस.

लाल बाजूंवर पेन्सिलीने आकडे घाल. पूर्ण लाल पत्त्याच्या दोन बाजूंना १ आणि २, मिश्र पत्त्याच्या लाल बाजूला ३. तुला दिसतेय ती या तिन्हींपैकी कुठलीही असेल, आणि तिघींना संधी सारखी. १ असेल तर खाली २, म्हणजे लाल. २ असेल तर खाली १, पुन्हा लाल. फक्त ३ असेल तरच खाली पांढरं. म्हणून तीनात दोन. फ्रेंच गणिती जोसेफ बर्त्राँ यांनी १८८९ साली सोन्याचांदीच्या नाण्यांच्या तीन पेट्या घेऊन हेच कोडं मांडलं होतं.

विश्वास नसेल तर खेळून बघ. साठ वेळा पत्ता काढ, प्रत्येक वेळी परत टाकून पिशवी हलव. साधारण तीस वेळा वर लाल येईल, आणि त्यातल्या वीसेक वेळा खालीही लाल निघेल. नेमके वीस येतीलच असं नाही, त्याची काळजी करू नकोस.

मात्र पत्ता काढणारा दादा असेल तर जरा लक्ष ठेव. त्याने पत्ता गुपचूप बघितला आणि जमेल तेव्हा लाल बाजूच वर ठेवली, तर मिश्र पत्ता दर वेळी लालच दिसेल. मग पूर्ण लाल आणि मिश्र, दोघेही लाल दाखवणार, तेही सारख्याच वेळा. इथे तुझं ‘निम्मी’ अगदी बरोबर! पत्ते तेच, दिसणारा रंगही तोच. फक्त बाजू कशी वर आली ते बदललं. कोड्यात ‘न बघता’ हे दोन शब्द असतात ते म्हणूनच. ते गाळले, की भांडणं होतात.

दादाची ही लबाडी ओळखायची कशी? वर लाल किती वेळा आलं ते मोज. सरळ खेळात साठपैकी तीसच्या आसपास. त्याच्या खेळात चाळीसच्या आसपास. गंमत म्हणजे, दर डावाला ‘खालीही तोच रंग’ अशी पैज लावलीस, तर त्याच्या लबाडीतही साठपैकी चाळीसेक डाव तूच जिंकशील: वीस लालवर, वीस पांढऱ्यावर. मिश्र पत्ता निघेल तेवढेच डाव हरशील.

तुझे,
आजोबा

ता. क. पुठ्ठ्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत कागद चिकटव. खडूने रंगवलीस तर ती बाजू बोटांना कळते.