पडदा मंदावतो तेव्हा

एखादं सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायला घेतलं की विंडोजचा पडदा मंदावतो आणि मधोमध चौकट उभी राहते: या अ‍ॅपला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? पुष्कळांचा समज असा, की विंडोजने सगळं तपासलंय, आता फक्त आपला होकार हवाय. पण सॉफ्टवेअर चांगलं की वाईट, याबद्दल ती चौकट काहीच सांगत नाही. तिचा प्रश्न एवढाच, की तुमचे सगळे अधिकार याच्या हाती द्यायचे का?

2007 साली विस्टाबरोबर ही चौकट घरोघरी आली. तेव्हापासून अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉगिन केलं की विंडोज दोन टोकनं तयार करतं, एक पूर्ण अधिकारांचं आणि एक छाटलेलं. ब्राउझर, वर्ड वगैरे छाटलेल्यावर चालतात. आपण ‘Yes’ म्हटलं की समोरच्या प्रोग्रॅमला पूर्ण टोकन मिळतं. साध्या कमांड प्रॉम्प्टवर हे पाहता येतं:

```
whoami /groups
```

यादीत `BUILTIN\Administrators` या ओळीपुढे `Group used for deny only` असं दिसलं, तर समजा, अधिकार आहेत पण झाकून ठेवलेले.

आता समजा, मेलमधून `bill.pdf.exe` अशी फाइल आली. विंडोज शेवटचं `.exe` सहसा लपवतं, म्हणून ते बिलच वाटतं. उघडल्यावर चौकट आली, तर तिथेच थांबावं. बिल वाचायला कॉम्प्युटर कशाला बदलावा लागेल?

पण चौकट येईलच, याची खात्री नाही. विंडोज 7 पासून नेहमीच्या सेटिंगमध्ये विंडोजचे स्वतःचे काही प्रोग्रॅम न विचारताच पूर्ण टोकन घेतात. `fodhelper.exe` हा त्यातलाच. तो सुरू होताना रजिस्ट्रीतल्या वापरकर्त्याच्या भागात डोकावतो, आणि तिथे लिहायला छाटलेलं टोकनही पुरतं. घातक प्रोग्रॅम तिथे आपली कमांड लिहून ठेवतो, `fodhelper.exe` ला जागं करतो आणि गुपचूप वर चढतो. आजचे अँटिव्हायरस ही युक्ती बरेचदा पकडतात, पण अशा वाटा आणखीही आहेत.

स्टँडर्ड खात्यात ही वाट बंद होते, कारण चोरायला पूर्ण टोकनच नसतं. चौकट तिथे ‘Yes’ नव्हे, दुसऱ्या खात्याचा पासवर्ड मागते, आणि तो दिला तरी प्रोग्रॅम त्या दुसऱ्या खात्याच्या नावाने चालतो. आपल्या रजिस्ट्रीत पेरलेलं त्याला दिसत नाही. आपल्या फोटोंचं आणि कागदपत्रांचं रक्षण मात्र यातून होत नाही. ती आपलीच, म्हणून आपल्या खात्यात शिरलेला प्रोग्रॅम ती खराब करू शकतोच. बॅकअपला पर्याय नाही.

स्टँडर्ड खात्याकडे वळताना क्रम चुकवू नका. आधी नवं अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खातं काढा, त्यात एकदा लॉगिन करून पासवर्ड चालतो ना ते बघा, आणि मग तिथूनच आपलं रोजचं खातं स्टँडर्ड करा.