निर्णय त्यांचा, वेलांटी आपली

राजीनाम्याचा मजकूर तपासून देणे हे मुद्रितशोधनातले सगळ्यात छोटे काम, पण अवघडही तेच. ऐवज पाचसहा वाक्यांचा. पुस्तकात माझ्या हातून एखादे वाक्य वाकडे झाले तर लेखक पुढच्या प्रुफात मला गाठतो. इथे पुढचे प्रूफ नसते. मेल गेला की गेला, आणि तो ज्याच्याकडे जातो तो माणूस साहित्य म्हणून वाचायला बसत नाही. हा जाणार का, कधी जाणार आणि जाताना आपल्याला काही सुनावतो आहे का, एवढेच तो बघतो. नेमक्या याच तीन जागी, ‘जरा भाषा बघून द्या’ म्हणून ज्याच्याकडे मजकूर येतो त्याचा हात घसरण्याची शक्यता असते.

एक नमुना समोर ठेवतो. लिहिणारे गृहस्थ सोलापूरकडचे, एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत वसुलीचे काम करणारे. त्यांच्या परवानगीने, ओळख लागेल असा तपशील बदलून देतो आहे. विषयाच्या ओळीत एकच शब्द होता, ‘राजीनामा’. खाली हे:

‘मा. अध्यक्ष साहेब, मी आपल्या पतसंस्थेत वसुली अधीकारी म्हणुन नऊ वर्ष काम केलो. दि. ३० नोव्हेंबर पासुन मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. मार्च महीन्यात मी लेखि तक्रार दिलो होतो त्याचे उत्तर मला अजुन मिळाले नाही आता त्याची अपेक्षाही नाही. माझ्याकडच्या चाव्या, पावती पुस्तके आणी थकबाकीदारांच्या फाईली ज्याला सांगाल त्याच्या ताब्यात देवून जाईन. माझा निर्णय पक्का आहे, मला बोलावुन समजुत काढू नये.’

आधी सोपे ते. अधिकारी, म्हणून, महिना, लेखी, अजून, आणि, बोलावून, समजूत. १९६२ साली शासनाने मान्य केलेले शुद्धलेखनाचे नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली भर यांत हे सगळे बसते. इथे कुणाला विचारायची गरज नाही. ‘नऊ वर्ष’चे ‘नऊ वर्षे’. ‘पासून’ मागच्या शब्दाला जोडून. ‘देवून’चे ‘देऊन’, कारण धातू ‘दे’ आहे, त्यात ‘व’ नाही. ‘ठेवून’मध्ये तो आहे म्हणून तिथे राहतो. ‘अध्यक्षसाहेब’ एकत्र, ‘पावतीपुस्तके’ एकत्र. ‘फाईली’ला मात्र मी हात लावला नाही. काही प्रकाशने ‘फायली’ छापतात, पण ती त्यांची घरची शिस्त; कुणाच्या राजीनाम्यावर ती लादण्याचे कारण नाही.

आता ‘काम केलो’ आणि ‘तक्रार दिलो’. सोलापूर-लातूरकडे हे बोलण्यात सर्रास ऐकू येते आणि तिथे ते मुळीच चुकीचे नाही. प्रमाण लेखनात मात्र क्रियापद कर्माप्रमाणे चालते: काम केले, तक्रार दिली. हे व्याकरण म्हणून निमूट बदलावे की लिहिणाऱ्याचा आवाज म्हणून ठेवावे? मी फोन करून विचारले. ते म्हणाले, “अहो, कागदावर मी ‘केले’च लिहितो. हे घाईत झालंय, बदला तुम्ही.” बदलले. त्यांनी ‘असू द्या’ म्हटले असते तर ठेवले असते.

पुढची चूक ‘त्याचे उत्तर’ या शब्दांत आहे. तक्रार स्त्रीलिंगी, तेव्हा ‘तिचे उत्तर’ हवे. पण त्याच ओळीत पुढे ‘त्याची अपेक्षाही नाही’ आहे, आणि ते बरोबर आहे, कारण अपेक्षा उत्तराची आहे आणि उत्तर नपुंसकलिंगी. शोधा-आणि-बदला करून दोन्ही ठिकाणी ‘ति’ बसवला तर वाक्याचा अर्थच सरकतो: आता तक्रारीचीच अपेक्षा नाही! संगणकाचा शब्दतपासनीस या दोन्हींपैकी कशाखालीही लाल रेघ ओढणार नाही, कारण सुटे सुटे शब्द सगळे शुद्ध आहेत.

याच वाक्यात खरा सापळा आहे. ‘मिळाले नाही आता त्याची अपेक्षाही नाही.’ दोन वाक्ये मध्ये काही न घालता चिकटली आहेत, ती सोडवायलाच हवीत. कशाने? शाळेपासून हाताला वळण असते जोडशब्द घालण्याचे. ‘मिळाले नाही, त्यामुळे आता त्याची अपेक्षाही नाही’ कानाला चांगले लागते. मग तेवढ्याच सहजतेने वरच्या वाक्याला हे वाक्य जोडावेसे वाटते: तक्रारीचे उत्तर मिळाले नाही म्हणून राजीनामा देत आहे. मजकूर एकदम सलग, बांधेसूद होतो.

पण गृहस्थांनी तसे लिहिलेलेच नाही. राजीनाम्याचे कारण त्यांच्या पत्रात कुठेही नाही. तक्रार केली, उत्तर आले नाही, या दोन घटना त्यांनी नोंदवल्या आणि पुढे गेले. त्यांच्यामध्ये मी ‘म्हणून’ घातला की राजीनामा निषेधाचा होतो. उद्या संचालक मंडळाच्या सभेत कुणी विचारील, तुमच्यावर अन्याय झाला असे तुमचे म्हणणे आहे का? उत्तर द्यावे लागेल ते त्यांना, माझ्या शब्दाबद्दल. कदाचित मनात कारण तेच असेल. ते न लिहिणे हाही त्यांचा निर्णयच. म्हणून तिथे पूर्णविराम टाकला. दोन घटना शेजारी शेजारी ठेवून मधले नाते न बोललेले राखणारे चिन्ह पूर्णविराम हेच. वेलांट्या कितीही चुकल्या तरी राजीनाम्याचा अर्थ बदलत नाही. तो बदलतो ‘म्हणून’, ‘तरी’, ‘परंतु’ यांनी, क्रियापदाने आणि तारखेने. माझ्या मते तपासणाऱ्याची हद्द तिथे संपते. अलीकडचे न विचारता दुरुस्त करावे, पलीकडचे दिसले तर विचारावे.

तारखेबद्दल विचारलेच. ‘३० नोव्हेंबरपासून राजीनामा’ यात तीस तारीख कामाची की सुटकेची? वाचणारा दोन्ही वाचू शकतो. नोटिशीचा महिना मोजणाऱ्या आणि पगाराचा हिशेब करणाऱ्या कारकुनाला तो एक दिवस लागतो. मी समासात फक्त प्रश्न लिहिला: ‘तीस तारखेला आपण कामावर आहात का?’ उत्तर आले, “तीसची कॅश बंद करूनच जाणार.” मग त्यांनीच वाक्य घातले: ‘३० नोव्हेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील.’

राजीनाम्यातल्या तारखेच्या एका ओळीवर केवढे अवलंबून असते याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण न्यायालयातलेच आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीशचंद्र यांनी ७ मे १९७७ रोजी राष्ट्रपतींना राजीनामा लिहिला. मजकूर अगदी थोडका. आपण ३१ जुलैपर्यंत रजेवर असू आणि राजीनामा १ ऑगस्ट १९७७ पासून अमलात येईल, असे त्यात होते. १५ जुलैला त्यांनी तो मागे घेतला. असा मागे घेता येतो का, यावर वाद उच्च न्यायालयात गेला, तिथे निकाल त्यांच्याविरुद्ध लागला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. कारण असे की, पुढची तारीख घातलेले पत्र त्या तारखेपर्यंत पुरते राजीनामा झालेलेच नसते. घटनेच्या २१७व्या कलमाखाली न्यायाधीशाचा राजीनामा कुणी मंजूर करावा लागत नाही. तारखेची ओळ नसती तर पत्र राष्ट्रपतींकडे पोचताच पद गेले असते. रजेचा उल्लेख आणि ऑगस्टची तारीख ही पुनरुक्ती समजून कुणी ‘आटोपशीर’ केली असती, तर एक न्यायमूर्ती परत खुर्चीवर बसू शकले नसते. पतसंस्थेच्या नोकराला हाच नियम जसाच्या तसा लागत नाही. तिथे नेमणूकपत्रातल्या अटी असतात, मालकाने राजीनामा स्वीकारण्याचा भाग असतो. पण तारीख आणि क्रियापद तिथेही याच नजरेने वाचले जातात.

क्रियापदाचेही असेच. माझ्याकडे येण्याआधी हा मजकूर त्यांच्या एका सहकाऱ्याने ‘नीट’ करून दिला होता. विषय झाला होता ‘सेवेतून मुक्त करणेबाबत’, आणि शेवट ‘तरी माझा राजीनामा मंजूर करावा, ही नम्र विनंती’. सरकारी पत्रांच्या सवयीने माणूस हे डोळे मिटून लिहितो. (‘करणेबाबत’ हे व्याकरणात बसत नाही, ‘करण्याबाबत’ हवे, पण कचेऱ्यांनी ते इतके घोटले आहे की कुणाला खटकत नाही.) मूळ वाक्य ‘राजीनामा देत आहे’ असे कळवणारे होते, सहकाऱ्याचे वाक्य मागणारे. मागितलेले नाकारता येते, लांबवता येते, ‘बघू पुढच्या मीटिंगला’ म्हणता येते. तो ‘करणेबाबत’ सोडला तर त्या सद्गृहस्थांनी एकही अशुद्ध शब्द ठेवला नव्हता, आणि निर्णय मात्र अर्जावर आणून ठेवला होता.

राहिला शेवट. ‘मला बोलावून समजूत काढू नये.’ हे वाचताना माझ्याही हाताला खाज सुटली. निदान एक ‘कृपया’? ‘नऊ वर्षे दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे’ अशी एक ओळ? पण आभार मानायचे असते तर नऊ वर्षे थकबाकीदारांच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाला ते सुचले असते. वाक्य रोखठोक आहे, उद्धट नाही. ‘काढू नका’ न म्हणता ‘काढू नये’ म्हटले आहे, त्यात अंतर राखण्याचे भान आहे. ‘देऊन जाईन’ही तसेच राहू दिले. त्याचे ‘सुपूर्द करण्यात येईल’ केले असते तर जाणारा माणूसच वाक्यातून निघून गेला असता. शिव्या असत्या, कुणाचे नाव घेऊन आरोप असता, तरी तो मी पुसला नसता. हे महागात पडू शकते, वकिलाला दाखवा, एवढे समासात लिहिले असते. शुद्ध झालेला मजकूर असा:

‘मा. अध्यक्षसाहेब, मी आपल्या पतसंस्थेत वसुली अधिकारी म्हणून नऊ वर्षे काम केले. मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. ३० नोव्हेंबर हा माझा कामाचा शेवटचा दिवस राहील. मार्च महिन्यात मी लेखी तक्रार दिली होती. तिचे उत्तर मला अजून मिळाले नाही. आता त्याची अपेक्षाही नाही. माझ्याकडच्या चाव्या, पावतीपुस्तके आणि थकबाकीदारांच्या फाईली ज्याला सांगाल त्याच्या ताब्यात देऊन जाईन. माझा निर्णय पक्का आहे. मला बोलावून समजूत काढू नये.’

असा मजकूर तुमच्याकडेही कधीतरी येईल. भाषा बरी असलेल्या माणसाकडे तो येतोच. दुरुस्त्या दिसतील अशी एक प्रत आणि स्वच्छ एक प्रत, अशा दोन्ही परत द्या, म्हणजे काय बदलले ते त्याला पाठवण्याआधी बघता येईल. नोकरी सोडू नये असे वाटत असेल तर ते तोंडाने सांगा, मजकुरात मिसळू नका. मेल त्याचा त्याला पाठवू द्या, आणि तुमच्याकडची प्रत पुसून टाका.