चामडी मोजे आणि पुराव्याचं वजन

नमाजाआधीच्या वजूतल्या चार गोष्टी कुराणाने थेट सांगितल्या आहेत. तोंड धुवा, हात कोपरापर्यंत धुवा, डोक्यावरून ओला हात फिरवा आणि पाय घोट्यांपर्यंत. हा आदेश पाचव्या सूरेत, म्हणजे सूरह माइदात, सहाव्या आयतीत आहे. मोज्यांचा उल्लेख त्यात कुठेच नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे भिवंडीतल्या मशिदीच्या वजूखान्यात एखादा वयस्क माणूस तोंड-हात धुऊन, डोक्याचा मसह करून थांबतो. पायातले काळे चामडी मोजे तो काढत नाही. उजव्या हाताची बोटं ओली करून ती उजव्या मोज्याच्या टोकावर ठेवतो आणि पसरलेल्या बोटांनी वर नडगीच्या दिशेने एकदा ओढतो. तसंच डाव्या पायाचं. मग उठून नमाजाच्या रांगेत उभा राहतो.

इस्लामी कायद्याच्या पुस्तकांत या मोज्यांना खुफ्फ म्हणतात, आपल्याकडे नुसतं चमड्याचे मोजे. वजूची ही सवलत थंडीत आणि प्रवासात फार उपयोगाची असल्यामुळे फकीहांनी ती सहज मान्य केली असेल, असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रत्यक्षात फार थोड्या सवलतींची एवढी कडक तपासणी झाली असेल. तपासणीचं कारण सरळ होतं. कुराणात पायांचा आदेश स्पष्ट आहे आणि मोज्यांची सवलत फक्त हदीसमधून, म्हणजे माणसांनी माणसांना सांगितलेल्या हकिकतींतून आली आहे. ऐकीव हकिकतीच्या जोरावर ग्रंथातला आदेश बाजूला ठेवायचा, तर ती हकिकत किती पक्की असावी? खरा वाद या प्रश्नाचा होता, मोजे हे निमित्त.

शंका सुरुवातीपासून होती आणि ती प्रत्यक्ष सहाबींमध्ये होती. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर कूफ्याला गेले, तेव्हा तिथले अमीर साद इब्न अबी वक्कास होते. साद यांना मोज्यांवर मसह करताना पाहून इब्न उमर यांनी हरकत घेतली. साद म्हणाले, मदीनेला परत जाल तेव्हा वडिलांना विचारा. इब्न उमर परतले आणि विचारायचं विसरले. पुढे साद स्वतः मदीनेत आले, त्यांनी आठवण करून दिली आणि मग हजरत उमर यांनी साद यांचं म्हणणं बरोबर असल्याचं सांगितलं. इमाम मालिक यांनी ही हकिकत ‘मुवत्ता’त नोंदवली आहे. पैगंबरांचा इतका काटेकोर अनुयायी, खुद्द दुसऱ्या खलिफांचा मुलगा, आणि त्याला ही गोष्ट ठाऊक नव्हती. म्हणजे एकाने पाहिलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानावर गेलेलीच असेल, असं गृहीत धरून चालत नव्हतं.

पण खरी अडचण काळाची होती. समजा, पैगंबरांनी मोज्यांवर हात फिरवला, हे सगळ्यांनी मान्य केलं. तो माइदाची आयत उतरण्याआधीचा प्रसंग असेल, तर नंतर आलेल्या आयतीने ती सवलत रद्द केली, असं म्हणता येतं. नंतरचा असेल, तर सवलत कायम. सगळं तारखेवर येऊन थांबतं.

म्हणूनच जरीर इब्न अब्दुल्लाह अल-बजली यांच्या हदीसला एवढं मोल आलं. जरीर यांनी मोज्यांवर मसह केला. लोकांनी विचारलं तेव्हा, पैगंबरांना असं करताना मी पाहिलं आहे, असं त्यांनी सांगितलं. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे, आणि तिच्याबरोबर एक टीपही आली आहे: लोकांना ही हदीस विशेष आवडायची, कारण जरीर यांनी इस्लाम फार उशिरा, माइदा उतरल्यानंतर स्वीकारला होता. म्हणजे त्यांनी जे पाहिलं, ते आयतीनंतरचंच. एका माणसाच्या धर्मस्वीकाराचा काळ इथे कायद्याचा पुरावा झाला. दुसरा आधार मुगीरा इब्न शुबा यांचा. हिजरी 9 सालच्या तबूकच्या मोहिमेत ते पैगंबरांना वजूसाठी पाणी देत होते. मोजे काढायला ते खाली वाकले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवलं. पाय पाक असतानाच मोजे घातले आहेत, असं कारण सांगितलं. वजू पूर्ण करूनच मोजे घातलेले असावेत, ही सवलतीची पहिली अट याच प्रसंगातून आली.

हाच काळाचा प्रश्न शिया परंपरेतही आहे, पण उत्तर उलट आहे. त्यांच्या कथनात हजरत अली मुगीरा यांना विचारतात, तुम्ही पाहिलंत ते माइदाच्या आधी की नंतर? मुगीरा यांना सांगता येत नाही, आणि निर्णय ग्रंथाच्या बाजूने जातो. म्हणून शिया फिकहमध्ये मोज्यांवरचा मसह चालत नाही, भीती किंवा तशीच निकड असल्याशिवाय. मला यात एक गोष्ट मोलाची वाटते. दोन्ही बाजूंनी प्रश्न एकच विचारला आणि तोच योग्य प्रश्न होता. साक्षीदार वेगळे मानले, म्हणून निकाल वेगळा लागला.

सुन्नी फकीहांमध्ये हा मुद्दा सर्वांत जड गेला तो हनफींना. त्यांचा नियम असा, की कुराणाच्या आदेशात भर घालायची किंवा बदल करायचा, तर एकट्या-दुकट्याच्या साक्षीची हदीस पुरत नाही. ती इतक्या लोकांनी, इतक्या वाटांनी सांगितलेली हवी, की शंकेला जागा उरू नये. कूफ्याचे इमाम अबू हनीफा (मृत्यू हिजरी 150, इसवी 767) यांच्याबद्दल सांगतात, की हा पुरावा दिवसाच्या उजेडासारखा स्पष्ट होईपर्यंत त्यांनी मसहचा निर्वाळा दिला नाही. हसन बसरी यांनी सत्तर सहाबींकडून ही गोष्ट पोचल्याचं म्हटलं आहे. या कसोटीला उतरल्यावर मात्र हनफींनी ती इतकी घट्ट धरली, की इमाम तहावी यांनी मसहचा उल्लेख थेट श्रद्धेच्या कलमांत केला. वजूतला एवढासा तपशील श्रद्धेच्या यादीत कसा, असा प्रश्न पडतो. शिया आणि खारिजी तो नाकारत होते, म्हणून तो सुन्नी असण्याची खूण ठरला.

मुदतीच्या बाबतीत पुरावा आणखी रंजक आहे. शुरैह इब्न हानी यांनी हजरत आयेशांना मसहबद्दल विचारलं. त्यांनी अलींकडे पाठवलं, कारण पैगंबरांबरोबर प्रवासात ते असत. अलींनी सांगितलं: घरी असलेल्याला, म्हणजे मुकीमला, एक दिवस-एक रात्र, मुसाफिराला तीन दिवस-तीन रात्री. ही हदीस मुस्लिमच्या संग्रहात आहे आणि हनफी, शाफई, हंबली तिघेही तीच धरतात. इमाम मालिक यांच्या प्रसिद्ध मतानुसार मात्र मुदतच नाही. त्या बाजूने उबैय इब्न इमारा यांची हदीस सांगतात, ज्यात विचारणाऱ्याला एक दिवस, दोन, तीन आणि शेवटी वाटेल तितके दिवस अशी मोकळीक मिळते. हदीसच्या जाणकारांनी तिची साखळी कमकुवत ठरवली. पण मालिक यांचा खरा भर मदीनेच्या चालीरीतीवर होता आणि तिथे मुदत मोजण्याची रीत त्यांना दिसली नव्हती. आठवड्याला, शुक्रवारच्या गुस्लाच्या वेळी, मोजे काढणं चांगलं, एवढंच त्यांचे अनुयायी सांगतात.

भिवंडीत ही मुदत मोजण्याला वेगळीच गंमत आहे, कारण इथे दोन मजहब शेजारी राहतात. जुने कोकणी मुसलमान शाफई, आणि 1857 नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांचे वंशज, मोमिन अन्सारी, हनफी. समजा, असे दोन व्यापारी सूत आणि कापडाच्या कामासाठी एकाच गाडीतून मालेगावला निघाले. दोघांनी पहाटे साडेपाचला पूर्ण वजू करून मोजे घातले. सकाळी 9 वाजता दोघांचीही वजू तुटली. मुदत मोजे घातल्यापासून धरायची नाही. ती वजू पहिल्यांदा तुटली तिथून, म्हणजे 9 पासून सुरू होते. यावर दोघांचं एकमत. जुहर, असर आणि मगरिब त्यांनी भिवंडीतच मसह करून अदा केली आणि संध्याकाळी 7 ला गाडी शहराबाहेर पडली.

मालेगाव दोनशे किलोमीटरच्या पुढे आहे, त्यामुळे शरई प्रवासाचं अंतर कुठल्याही हिशोबाने पार होतं. दोघेही मुसाफिर झाले. हनफी माणसाची मुदत अजून चालू होती, म्हणून ती आपोआप तीन दिवसांची झाली, पण मोजणी त्याच सकाळच्या 9 पासून. तो चौथ्या दिवशी सकाळी 9 पर्यंत मसह करू शकतो. शाफई माणसाने मात्र पहिला मसह घरी असताना केला होता. सुरुवात मुकीम म्हणून झाली, म्हणून त्याला मुकीमचीच मुदत. दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला ती संपली; मालेगावात जुहरच्या आधी त्याने मोजे काढून पाय धुवायला हवेत. निघण्याआधी मसह न करता वाटेतच पहिला मसह केला असता, तर त्यालाही तीन दिवस मिळाले असते. आणि उलट प्रवासात दोघे पुन्हा एक होतात: मुसाफिर एक दिवस-रात्र उलटून गेल्यावर घरी पोचला, की मुदत तिथेच संपते.

मुदत संपली तेव्हा बाकी वजू शाबूत असेल, तर हनफी मताने फक्त पाय धुतले तरी पुरतं. मोजा पायातून निघाला तरी तोच नियम. आंघोळ फर्ज झाली, तर मात्र मुदत असो वा नसो, मोजे काढावेच लागतात.

हात कुठे फिरवायचा, यातही पुराव्याचीच सत्ता दिसते. घाण लागते ती तळव्याला. मग तळवाच पुसायला हवा, हे कुणाच्याही मनात येईल. पण अलींकडूनच आलेली हदीस सांगते, की दीन केवळ तर्कावर चालला असता, तर मोज्याचा तळ पुसणं अधिक योग्य ठरलं असतं. त्यांनी पैगंबरांना वरची बाजू पुसताना पाहिलं. हनफी मताने प्रत्येक पायावर वरच्या बाजूला हाताच्या तीन बोटांएवढा भाग ओला झाला पाहिजे. शाफईंना वरच्या बाजूला मसह म्हणण्याजोगा स्पर्श पुरतो, तळावर हात फिरवणं ते चांगलं मानतात. मोजा फाटला, तर हनफी पायाच्या तीन लहान बोटांएवढं भोक होईपर्यंत चालवून घेतात. शाफईंकडे धुवायच्या भागातलं जरासं भोकही मसह बाद करतं. म्हणून घोट्यापाशी शिवण उसवली आहे का, हे शाफई माणसाने मोजा घालण्याआधी उजेडात धरून पाहायला हवं.

आता बाजारातल्या नायलॉनच्या मोज्यांचा प्रश्न. याच मुगीरा यांच्याकडून एक कथन असं आहे, की पैगंबरांनी जौरबवर, म्हणजे कापडी किंवा लोकरी मोज्यांवर, मसह केला. तिरमिजी यांनी ते सहीह मानलं. इमाम अहमद, अब्दुर्रहमान इब्न महदी आणि मुस्लिम यांनी त्यावर आक्षेप घेतला, कारण मुगीरांकडून सांगणारे बाकी सगळे खुफ्फच म्हणतात आणि जौरब म्हणणारी साखळी अबू कैस आणि हुजैल यांच्या एकाच वाटेने येते. मुस्लिम यांचं म्हणणं असं, की या दोघांसाठी कुराणाचा उघड अर्थ सोडता येत नाही. तरीही काही सहाबींनी जौरबवर मसह केल्याच्या नोंदी असल्यामुळे इमाम अहमद यांनी जाड जौरबला मुभा दिली. अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनीही दिली आणि अबू हनीफा अखेरीस त्यांच्या मताला आले, असं हनफी ग्रंथ सांगतात. अट एवढीच, की मोजा बांधल्याशिवाय पायावर उभा राहावा, तो घालून काही मैल चालता यावं आणि त्यातून पाणी आत झिरपू नये.

नायलॉनचा पातळ मोजा यांपैकी एकाही अटीला उतरत नाही. अहले हदीसमधले काही आलिम आणि काही आधुनिक मुफ्ती, सहाबींची कृती पुरेशी मानून, त्यालाही मुभा देतात. त्यांचा मुद्दा मला क्षुल्लक वाटत नाही, पण पटत मात्र नाही. खुफ्फसाठी जरीर आहेत, साद आहेत, मुगीरा आहेत, अली आहेत आणि वाटा डझनांनी आहेत. जौरबच्या हदीसची वाट एकच, तीही वादग्रस्त, आणि सहाबींनी ज्यावर हात फिरवला तो मोजा आजच्या नायलॉनसारखा विरळ होता, असं कुठे म्हटलेलं नाही. चामड्याच्या मोज्यासाठी मिळालेली परवानगी पातळ मोज्यापर्यंत ताणायची, तर तेवढ्याच वजनाची साक्ष पुढे आली पाहिजे, आणि ती आलेली नाही.