‘वल्लाही’चं वजन

कैरोतला यजमान निघालेल्या पाहुण्याला अडवतो, ‘वल्लाही, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही!’ मराठीत ‘अल्लाची शपथ’ लिहिलं, की साधा आग्रह एकदम धार्मिक होतो. शिवाय अरबी बोलणारे ख्रिस्तीही देवाला अल्लाच म्हणतात. मराठीत तो शब्द पात्राला परस्पर मुसलमान ठरवतो. म्हणून मी ‘चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही हं’ एवढंच लिहितो. नुसत्या प्रश्नार्थक ‘वल्लाही?’ला ‘खरंच?’ पुरतं.

मग देव असा गाळणं हा अप्रामाणिकपणा नव्हे का? मला वाट कुराणातल्याच एका भेदात सापडते. सहज तोंडून गेलेल्या शपथेचा दोष धरला जात नाही. जाणूनबुजून घेतलेली मोडली, तर दहा गरिबांना जेवू घालण्यासारखं प्रायश्चित्त आहे. तेव्हा मी विचारतो : ही शपथ खोटी ठरली तर बोलणाऱ्याचं काय जाईल? काहीच जात नसेल, तर ‘खरंच’ किंवा ‘शप्पथ’ चालेल. पण चोरीचा आळ आलेला नोकर ‘वल्लाही, मी नाही घेतलं’ म्हणतो, तेव्हा पूर्ण ‘देवाची शपथ’च हवी. तिथे देव गाळला, तर त्याचा एकुलता एक साक्षीदार मी हाकलून दिलेला असतो.